पालकांनो, रामनदीवर मुलं काय करणार?

संपादक महोदय,

आमच्या नववीच्या सहलीबद्दल पालक विचारतात, ‘पाषाणचा तलाव तर पाहिलेला आहे, त्यात भूगोल कसला?’ त्यांच्यासाठी हे पत्र.

आम्ही तलावापाशी नाही, भुकूमच्या बाजूच्या टेकड्यांवर सुरुवात करू. रामनदी तिथून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असं करत औंधजवळ मुळेला मिळते. कोणत्या उतारावरचं पाणी तिच्याकडे येतं आणि कोणतं पलीकडे जातं, ती सीमा मुलं चालत जाऊन नकाशावर आखतील.

मग प्रवाह मोजायचा. सरळ पात्रात दहा मीटर अंतर आखून संत्रं सोडायचं. त्याला 25 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पात्र 2 मीटर रुंद आणि सरासरी पाव मीटर खोल असेल, तर गुणाकार येतो सेकंदाला 200 लिटर. पण तळाशी पाणी घर्षणाने रेंगाळतं, म्हणून 0.85 ने गुणून 170 धरायचे. हेच वस्तीच्या खालच्या बाजूला करायचं ठरलं, तर आकडा फसवा येईल. पावसाळा सरल्यावर तिथे वाहतं त्यात सांडपाणीच बरंच असतं. तिथे मुलं काठावरूनच पाहतील.

वरच्या टेकड्यांकडे पाऊस दिसला, तर आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पात्रातून बाहेर. बुटांना पकड हवी; नवे पांढरे बूट कृपया नकोत.

– एक भूगोल शिक्षिका, पुणे