अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास

महोदय,

कालच्या अंकात पान सहावर सीएचबीच्या, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकांचा हिशेब वाचला. आठवड्याला नऊ तास, चार आठवडे, तासाला 900 रुपये, म्हणजे महिना 32,400. 'तरुणांसाठी वाईट नाही', असा शेराही लेखकाने मारला आहे. गुणाकार अगदी बरोबर आहे. त्यांनी तो एकदा आमच्या बिलावर करून पाहावा.

मी एम.ए. भूगोल, सेट. तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्या वेळापत्रकातली तासिका 48 मिनिटांची आणि बिलातला तास 60 मिनिटांचा. म्हणून पाच तासिका घेतल्या की बिलात चार तास लागतात. मला आठवड्याला बारा तासिका दिल्या आहेत. त्यांचे होतात नऊ तास छत्तीस मिनिटे, पण मान्यता नऊचीच. वरची छत्तीस मिनिटे दर आठवड्याला विद्यादान.

आता गेल्या ऑक्टोबरचे बिल सांगते, कारण लेखकांच्या चार आठवड्यांचे काय होते ते त्यात दिसते. सुरुवातीला थोड्या तासिका झाल्या, मग विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या आणि त्यानंतर दिवाळीची सुट्टी. महिन्याभरात वर्गावर झाल्या पंधरा तासिका. बिलात बारा तास, म्हणजे 10,800 रुपये. त्याच महिन्यात नॅकच्या मूल्यांकनासाठी फाईली लावायला रोज बोलावले, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. हेडसरांना विचारले तर म्हणाले, "मॅडम, आपल्याच कॉलेजचं काम आहे." आपले कॉलेज! बिल प्राचार्यांच्या सहीने सहसंचालक कार्यालयात गेले, तिथून एक त्रुटी काढून परत आले, पुन्हा गेले. पैसे खात्यावर पडले फेब्रुवारीत. तोवर घरमालकाला काय सांगायचे, हेही लेखकांनी सुचवले असते तर बरे झाले असते. मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. ऑर्डर शैक्षणिक वर्षापुरती असते, सत्र संपले की तीही संपते.

यूजीसीने जानेवारी 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी व्याख्यानाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असे कळवले होते. ते परिपत्रक आमच्या स्टाफरूममधल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे. दुसरे कुठे पोहोचले असेल तर कळवावे.

पण पैशापेक्षा मला जास्त चीड आहे ती अनुभवाची. लेखक लिहितात, 'अनुभव तर मिळतोच'. मिळतो, पण धरत नाहीत. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचे मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, असे म्हटले आहे. नियमिताचे मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होते. त्याच नियमावलीत पुढे आहे की पूर्वीची कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायची तर इतर अटींबरोबर तेव्हाचा पगार नियमित शिक्षकाच्या एकूण वेतनाहून कमी नको. आमचे एक सहकारी बरीच वर्षे सीएचबीवर राबून शेवटी पर्मनंट झाले. पदोन्नतीसाठी कॅसची फाईल केली तेव्हा ती सगळी वर्षे बाजूला काढली गेली. कारण काय, तर तेव्हा त्यांना पगार कमी होता. कमी पगार देणारे तेच, आणि पगार कमी होता म्हणून वर्षे वगळणारेही तेच. मुलांनी मात्र त्याच वर्षांत डिग्र्या घेतल्या, त्या कुणी वगळल्या नाहीत. हा भाग तुमच्या लेखात एका ओळीनेही नाही.

एका पूर्णवेळ पदाच्या जागी दोन सीएचबी बसवले की वर्कलोडही भागतो आणि पद रिक्त ठेवूनही कुणाची तक्रार येत नाही. माझ्या विभागात माझ्याच जोडीला आणखी एकजण आहे. आम्ही दोघे मिळून एक निवृत्त सर आहोत.

आणि संपादक महाशय, एक तक्रार थेट तुमच्याकडे. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेने भूगोलाच्या कायम पदाची जाहिरात दिली. ती छापली तुमच्याच दैनिकात, पण दोन जिल्हे पलीकडच्या आवृत्तीत, छोट्या जाहिरातींमध्ये, 'घर भाड्याने देणे आहे'च्या खाली. आमच्याकडे येणाऱ्या अंकात ती नव्हती. मला कळले तेव्हा अर्जाची मुदत संपली होती. संस्था असे का करतात हे आम्हाला समजते. पण अशी जाहिरात घेताना 'पद कुठले आणि आवृत्ती कुठली' एवढे तुमच्या जाहिरात विभागाला विचारता येत नाही का? निदान सहायक प्राध्यापक पदाच्या जाहिराती तरी सगळ्या आवृत्त्यांत घ्याव्यात. लेखांपेक्षा त्याचा आम्हाला जास्त उपयोग होईल.

कळावे,

एक सीएचबी प्राध्यापिका

(नाव व गाव छापू नये. जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे.)