चि. सायलीस पत्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "आई, शुक्रवारी लॅपटॉप मिटला, त्यानंतर आज पहिल्यांदा तोंड उघडतेय." तू लगेच विषय बदललास, पण मला रात्री झोप लागली नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं मला जमतं, म्हणून हे पत्र.

ऑफिसातले सगळे चांगले आहेत असं तू नेहमी सांगतेस. असतीलच. जेवायला एकत्र बसता, कुणाचा वाढदिवस असला की केक कापता. पण बेंगळुरूला व्हाइटफील्डच्या तुझ्या खोलीवर मी आले होते तेव्हा दाराआड जेवणाच्या पार्सलच्या पिशव्या होत्या. सगळ्या शनिवार-रविवारच्या, आणि प्रत्येकीत एकाच माणसाचं जेवण. मी काही बोलले नाही, पण ते डोळ्यांसमोरून जात नाही.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकांनी नुकतंच गाव बदललेल्या माणसांचा अभ्यास केला होता. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. नुसतं कामासाठी एकत्र घालवलेल्या तासांनी जवळीक वाढत नाही. म्हणजे तू आठवडाभर त्या टीमसोबत बसतेस, तरी शनिवारी फोन करावासा वाटेल असं कुणी नसतं, यात तुझा स्वभाव कुठे चुकला असं नाही. ते तास या हिशेबात धरलेच जात नाहीत.

आता तुझा हिशेब मांडू. आठवड्याला दोन तास धरले तरी ५० तासांना सहा महिने लागतात. आणि तू एक आड एक शुक्रवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून मिरजेला येतेस. शनिवारी दुपारी पोचतेस, रविवारी परत गाडीत. तू आलीस की घर भरतं, हे वेगळं सांगायला नको. पण त्यामुळे तिथले निम्मे शनिवार जातात आणि सहा महिन्यांचं वर्ष होतं. म्हणून थोडे दिवस महिन्यातून एकदाच ये. हे लिहिताना हात जड होतोय, तरी लिहितेय.

जायचं कुठे, हेही मी विचारून ठेवलंय. कब्बन पार्कात शनिवारी सकाळी माणसं चटया टाकून आपापली पुस्तकं वाचत बसतात. 'कब्बन रीड्स' म्हणतात त्याला. कुणी कुणाला ओळख विचारत नाही, नाव नोंदवावं लागत नाही. नवख्या घोळक्यात तुला पोटात गोळा येतो, म्हणून तुझ्यासाठी हेच बरं. मेट्रोची पर्पल लाइन तुमच्या भागातून थेट कब्बन पार्क स्टेशनला जाते, गाडी बदलावी लागत नाही.

फक्त एक लक्षात ठेव. गप्प बसून वाचलेला वेळ मोजायचा नाही, पुस्तक मिटल्यावरचा मोजायचा. पहिल्या दोन-तीन शनिवारी नुसती जा, पण त्याच वेळी आणि त्याच झाडाखाली, म्हणजे चेहरे ओळखीचे होतील. मग शेजारणीला पुस्तकाबद्दल विचार आणि उठताना म्हण, "मी कॉफीला चाललेय, येतेस?" एखादी नाही म्हणेल, म्हणू दे. पुढच्या शनिवारी पुन्हा जा. बहुतेक माणसं इथेच सोडतात. एकदा जातात, कुणी बोललं नाही म्हणतात आणि पुढच्या वेळी वेगळं ठिकाण शोधतात. रोज नवी जागा धरली तर तास साठतच नाहीत. मराठी बोलायची ओढ लागली तर गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, मॅजेस्टिकला उतरून जाता येतं.

आणखी एक, हे नीट वाच. एकटं वाटणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं. माणसांत दोन तास घालवून मन हलकं होत असेल, तर ते एकटेपण. पण सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण नकोसं झालं, आवडीच्या गोष्टींतही जीव रमेना असं झालं, तर ते कब्बन पार्कने जाणार नाही. मग १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत. आणि मला आधी सांग, मी त्याच रात्रीच्या गाडीने येते.

शनिवारी सकाळी मी तुला फोन करणार नाही. तोच तुझा निघायचा वेळ आहे. रात्री जेवणं झाल्यावर बोलू. बाबांनी तुझी ती जुनी चटई धुऊन वाळत घातलीय, लाडवांच्या डब्यासोबत कुरिअरने पाठवते. लाडू जास्तच केलेत, चार जणींना पुरतील एवढे.

तुझी,
आई