बटनांच्या फोनवर खापर नको

महोदय,

थ्री जी बंद झाल्याने जुने फोन ‘मुके’ झाल्याचे वृत्त आपण काल छापले आणि सोबत बटनांच्या एका बिचाऱ्या फोनचे चित्र दिले. माझा मुका झालेला फोन बटनांचा नव्हता. पुण्यात घेतलेला, जेमतेम चार वर्षांचा, चांगला फोर जी होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी मेलबर्नला मुलीकडे होतो. तेथील सिम घातल्यावर फोन उत्तम चालत असे. मात्र नंबर फिरवला की पडद्यावरचे 4G जाऊन 3G दिसे आणि काही सेकंदांनी रिंग वाजे. त्याचा अर्थ मला नंतर कळला. फोर जीचे जाळे मुळात डेटासाठी बांधलेले आहे. त्यावरूनच बोलण्याची, म्हणजे व्होल्टीची, सोय नसेल, तर बोलण्यापुरता फोन थ्री जी किंवा टू जीवर उतरवला जातो. ऑस्ट्रेलियात टू जी २०१८ पर्यंतच संपले होते. २८ ऑक्टोबरपासून थ्री जीही जाऊ लागले, तेव्हा उतरायला पायरीच उरली नाही. चार काड्या दिसत होत्या, नातवाचे व्हिडिओही चालत होते, परंतु फोन लावला की तत्क्षणी कट!

दुकानातील सद्गृहस्थांनी सिम सदोष ठरवून ते दोनदा बदलले. तिसऱ्या खेपेस ‘रीस्टार्ट करून पाहा’ असा मौलिक सल्ला दिला. वास्तविक पुण्यात याच फोनवर VoLTE ही अक्षरे दिसत असत. व्होल्टीत आवाजही डेटाच्या पाकिटांतून जातो आणि फोन फोर जीवरच राहतो; परंतु त्यासाठी फोनला कंपनीच्या व्हॉइस यंत्रणेत नोंद करावी लागते आणि त्या विशिष्ट कंपनीच्या जुळण्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असाव्या लागतात. माझ्या फोनमध्ये भारतीय कंपन्यांच्या होत्या, तेथील नव्हत्या. मुलीचा माझ्याहून जुना, पण तेथेच घेतलेला फोन सुरळीत चालू होता, यावरून वयाचा संबंध किती ते आपणच ठरवावे.

पुढे काही दिवसांनी माझा डेटाही गेला. काही फोन साधे कॉल व्होल्टीवर करतात, पण तातडीच्या मदतीच्या तेथील ००० या क्रमांकासाठी थ्री जीच शोधतात. म्हणून ०००ला न लागणारे फोन जाळ्यावरून काढून टाकण्याचे बंधन सरकारने कंपन्यांवर घातले होते. हे कारण मला पटते. ते काउंटरवर कोणी सांगितले असते तर माझ्या तीन खेपा वाचल्या असत्या.

भारतात काही कंपन्यांचे टू जी अद्याप चालू असल्याने येथे ही अडचण सहसा जाणवत नाही. तरीही परदेशी मुलांकडे निघालेल्या वाचकांनी आपले मॉडेल तेथील कंपनीच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे; ‘फोर जी आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

अखेरीस जावयाने मला एक स्वस्तातला फोन आणून दिला. तो व्होल्टीचा होता आणि परतीच्या दिवसापर्यंत मी त्याच्यावरच बोललो. त्याला बटने होती, आपल्या चित्रातल्यासारखीच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे