तक्रार पत्र: रक्तदान शिबिराच्या रजिस्टरचे चुकीचे संगणकीकरण

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डेटा एन्ट्री विभाग

विषय: कोथरूड येथील शिबिराच्या नोंदींत १८ रक्तदात्यांचे पिशवी क्रमांक चुकल्याबाबत

महोदय,

आमच्या रक्तकेंद्राने कोथरूडच्या शिबिराचे हस्तलिखित रजिस्टर स्कॅन करून आपल्याकडे दिले होते. आपण पाठवलेली एक्सेल फाइल आम्ही रक्तदात्यांच्या यादीत चढवली आणि नेहमीप्रमाणे सर्वांना आभाराचे संदेश गेले. दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. "अहो, मला तर तुम्ही परत पाठवलं होतं. मी रक्त दिलंच नाही, मग आभार कसले?" त्या फोनवरून शोध सुरू झाला. जे सापडले ते गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या बाई रजिस्टरमध्ये २२व्या ओळीवर आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन १२.४ भरले. रक्तदानासाठी किमान १२.५ लागते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना डिफर केले, कारणाच्या रकान्यात 'एचबी कमी' लिहिले आणि पिशवी क्रमांकाच्या जागी आडवी रेघ मारली. आपल्या ऑपरेटरने सिस्टरांच्या हातचा मराठी चार इंग्रजी आठ म्हणून वाचला आणि आकडा १२.८ झाला. शिबिरातल्या रजिस्टरमध्ये मराठी आणि इंग्रजी अंक एकाच पानावर येतात, त्यामुळे वाचण्यात चूक होऊ शकते हे मला मान्य आहे. पण शेजारच्या रकान्यात 'एचबी कमी' असे स्पष्ट लिहिले होते. तिथे थांबून आम्हाला विचारायला हवे होते. त्याऐवजी १२.८ म्हणजे पात्र असे धरून ते कारण 'शेरा' रकान्यात सरकवले गेले आणि बाई रक्तदात्या ठरल्या.

खरे नुकसान त्यापुढचे आहे. रक्तदाती ठरवली की पिशवी क्रमांक हवा, आणि तो आपल्याकडे एक्सेलमध्ये खाली ओढून भरला गेला. २१व्या ओळीचा क्रमांक ३११८ बरोबर आहे. २२व्या ओळीला क्रमांकच नव्हता, तिथे ३११९ आला. तो खरा २३व्या ओळीवरच्या दात्याचा. तिथून प्रत्येकाला पुढच्या माणसाची पिशवी मिळत गेली.

हे शेवटपर्यंत सरकत गेले असते तर एक क्रमांक जास्तीचा उरला असता आणि चूक लगेच दिसली असती. पण ४१व्या ओळीवर ३१३७ क्रमांकाची पिशवी गळकी निघाली होती. ती बाजूला काढून दुसरी घेतली, म्हणून रजिस्टरमध्ये ३१३७ खोडून वर ३१३८ लिहिले आहे. आपल्या फाइलमध्ये तो बाद झालेला ३१३७ चाळिसाव्या ओळीच्या दात्याला लागला आणि एक्केचाळिसाव्या ओळीपासून सगळे पुन्हा बरोबर जुळले. म्हणजे एक क्रमांक नसताना दिला गेला, एक बाद क्रमांक वापरला गेला, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकले. मधल्या २३ ते ४० या अठरा ओळी मात्र चुकीच्या राहिल्या.

आपल्या कार्यालयाने फोनवर सांगितले की पडताळणी केली होती: पहिला क्रमांक ३१०१, शेवटचा ३१८२, रक्तदाते ८२, सगळे जुळते. हे जुळणारच होते. रजिस्टरमध्ये ९० ओळी आहेत. त्यात ९ जण डिफर, ८१ रक्तदाते, आणि एक पिशवी बाद, म्हणून वापरलेले क्रमांक ८२. आमच्या फ्रिजमध्ये ८१ पिशव्या आल्या होत्या. तो आकडा रजिस्टरच्या शेवटच्या पानावर शिबिरप्रमुखांच्या सहीसह लिहिलेला आहे. तो कोणी पाहिला असता तर ८२ दाते कसे, हा प्रश्न त्याच वेळी पडला असता.

आम्हाला खात्री पटली ती रक्तगटांवरून. दाता स्वतः सांगतो तो गट रजिस्टरमध्ये असतो आणि प्रयोगशाळेत पिशवीचा गट पुन्हा तपासला जातो. एखाद्याला आपला गट चुकीचा आठवतो, त्यामुळे शिबिरात तुरळक फरक निघतात. इथे मात्र सगळे फरक २३ ते ४० याच ओळींत गोळा झाले होते. असे दिसले की माणसे चुकलेली नसतात, ओळी सरकलेल्या असतात. मग प्रत्येक दात्याच्या अर्जावर चिकटवलेला क्रमांकाचा स्टिकर पाहून आम्ही खरी जोडणी लावली.

याच ओळींतल्या ३१२७ या पिशवीचा कावीळ-ब चा नमुना रिअॅक्टिव्ह आला आहे. ती पिशवी वेगळी काढली आहे, कारण तपासणी स्टिकरवरून होते, फाइलवरून नाही. पण दात्याला बोलावून समुपदेशन करायचे आणि पुढील तपासणीला पाठवायचे ते यादीवरूनच. आपल्या फाइलप्रमाणे ही पिशवी तिसाव्या ओळीच्या दात्याची, प्रत्यक्षात ती एकतिसाव्या ओळीच्या दात्याची आहे. आमच्या समुपदेशकांनी फोन करण्याआधी अर्ज काढून पाहिला, म्हणून एका निरोगी माणसाच्या घरी ही बातमी गेली नाही, आणि ज्याला ती कळायलाच हवी तो अंधारात राहिला नाही.

हिमोग्लोबिनच्या रकान्यातही आपण लिहिलेले नव्हते ते भरले आहे. शिबिरात बहुतेकांची तपासणी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून होते. थेंब बुडाला की १२.५ किंवा त्याहून जास्त, इतकेच कळते. आकडा मिळत नाही, म्हणून सिस्टर बरोबरची खूण करतात. थेंबाबद्दल शंका आली तरच मशीनवर मोजून आकडा लिहितात. आपण प्रत्येक खुणेच्या जागी १२.५ टाकले आहे. त्यामुळे १५ हिमोग्लोबिन असलेला धडधाकट तरुणही आमच्या यादीत काठावरचा दिसतो, आणि जे खरोखर काठावर आहेत, ज्यांना लोहाच्या गोळ्यांबद्दल सांगायला हवे, ते त्या गर्दीत हरवतात.

डिफरची कारणे आपण सरसकट 'वैद्यकीय' अशी केली आहेत. टॅटू काढलेल्याला १२ महिन्यांनी पुन्हा बोलावता येते. फिट येणाऱ्याला कधीच बोलवायचे नसते. दोघांना एकच शब्द लावल्यावर पुढच्या शिबिराला आम्ही कोणाला फोन करायचा?

आमची मागणी अशी आहे. संपूर्ण रजिस्टर नव्याने, विनामूल्य भरून द्यावे. पिशवी क्रमांक आणि हिमोग्लोबिन हे दोन रकाने दोन वेगळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे टाइप करावेत आणि फरक निघेल ती ओळ आम्हाला दाखवावी. क्रमांक कुठेही ओढून भरू नये. रेघ असेल तिथे जागा रिकामी राहावी, खोडलेला क्रमांक 'बाद' म्हणून वेगळा नोंदवावा, खूण असेल तिथे 'पास' लिहावे, आणि डिफरचे कारण रजिस्टरमधल्याच शब्दांत यावे. फाइलसोबत एकूण ओळी, रक्तदाते, डिफर आणि बाद पिशव्या यांचा ताळा शिबिरप्रमुखांच्या आकड्याशी जुळवून द्यावा.

आधीच्या तीन शिबिरांची रजिस्टरेही आपणच भरली आहेत. तिथेही क्रमांक ओढून भरले होते का, हे आठ दिवसांत लेखी कळवावे. तोपर्यंत त्या यादीतील कोणत्याही दात्याला आम्ही अर्ज न पाहता फोन करणार नाही, आणि आपले देयकही थांबवले आहे. अठरा ओळींची खरी जोडणी सोबत जोडली आहे. तीत दात्यांची नावे नाहीत, फक्त ओळ आणि पिशवी क्रमांक आहेत.

आपली,
नोंद विभाग प्रमुख,
रक्तकेंद्र, पुणे