अभिनंदन, आणि एक वही

सांगली
२८ डिसेंबर २०२५

प्रिय सुध्या,

अभिनंदन! सचिवपदासाठी बावन्न मतं पडली म्हणे, आणि बंड्याच्या पोराला एकोणीस. खरं तर गेल्या रविवारी रात्रीच फोन करायला हवा होता. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. तू म्हणशील, सहा वर्षं तेच करतोयस, त्यात नवं काय. गुडघा आहे तसाच आहे. बीपीची गोळी चालू. पुढे.

तू निवडून आलास म्हणून आनंद झाला, हे खरंच. पण त्याच वेळी पोटात गोळाही आला, आणि तो का आला हे असोसिएशनमध्ये फक्त तुलाच कळेल.

१६ जून २०१९ आठवतो का? तो विसरायचा तर रोहित शर्माला विसरावं लागेल. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी दुपारी चारला वार्षिक सभा ठेवणारी आपलीच संस्था. तारीख अप्पांनी ठरवली होती, शिव्या मात्र मला बसल्या, कारण सचिव मी होणार होतो. सभासद चौऱ्याऐंशी, गणसंख्या पंचवीस. हजेरीवहीत सह्या एकतीस आणि हॉलमध्ये माणसं चौदा! बाकीचे सही ठोकून समोरच्या हॉटेलात टीव्हीखाली. मागून आरडाओरडा झाला की अप्पा समजायचे ठराव मंजूर झाला.

पण आपलं भांडण गणसंख्येवरून नव्हतं. सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवली की गणसंख्येची अट राहत नाही, हे आपल्या नियमावलीतच आहे, आणि तसं आपण केलं होतं. भांडण नोटिशीचं होतं. नियमावली म्हणते पंधरा दिवस पूर्ण. नोटीस वाटल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही. आपल्या शिपायाने पोहोच वहीवर सह्या घेतल्या ३ जूनला. म्हणजे ४ ते १५, झाले बारा दिवस. तू सभेत उठून बोटांवर मोजून दाखवलेस आणि मी म्हणालो, “सुध्या, इथे बीम डिझाइन करायची नाहीये.” सगळे हसले. तू बसलास. ते वाक्य मला आजही झोपू देत नाही, इतकं सांगतो.

आणि मग मी जे केलं ते तुला अर्धंच माहीत आहे. इतिवृत्त मी लिहिलं. त्यात ‘दि. ३० मे रोजी नोटीस देण्यात आली’ असं टाकलं. तारखेचा हिशेब बरोबर सोळा दिवसांचा बसला. तुझ्याकडे संमतीपत्र घेऊन आलो तेव्हा तू वाचलंस, चष्मा काढलास आणि म्हणालास, “मी विरोध करणार नाही, पण सहीही करणार नाही.” कार्यकारिणीत तुझं नाव होतं, आणि तुझ्या त्या एका वाक्यामुळे सहाच माणसांची यादी गेली. मी दोन वर्षं लोकांना सांगत फिरलो की तू आडमुठा आहेस.

आता चेंज रिपोर्टचं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कलम २२ खाली कळवायचं, हे तुला मी काय सांगू. १६ जूनपासून नव्वद दिवस म्हणजे १४ सप्टेंबर. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि माझं ऑफिस पहिल्या कपाटापर्यंत बुडालं. विलंब माफीच्या अर्जात मी पूर लिहिला. पूर खरा होता, अर्ज खोटा. फाइल जुलैभर माझ्या स्कूटरच्या डिकीत होती. पुराला मी साक्षीदार केलं, बिचारा नाही म्हणायला येणार नव्हता.

रिपोर्ट ऑक्टोबरात दाखल झाला. मग सुनावणीची तारीख पडली, मूळ नोटीस आणि पोहोच हजर करा म्हणून. मी गेलो नाही. मग करोना आला, मग वकीलसाहेबांचा फोन आला की घेईनासा झालो. तो रिपोर्ट आजही प्रलंबित आहे. २०२२ चा त्याच्या पाठीवर बसलाय, आणि आता तुझा त्याच्या पाठीवर बसेल. धर्मादायच्या नोंदवहीतल्या शेड्यूल वनची प्रत काढून बघ, अजून २०१६ ची मंडळी आहेत. सातपैकी दोघे वारले, एक कॅनडात. कागदोपत्री आपल्या असोसिएशनचे खजिनदार स्वर्गात बसलेत, म्हणून हिशेब इतका स्वच्छ असतो!

रिपोर्ट मंजूर नाही म्हणून निवडून आलेल्यांना कामच करता येत नाही असं नाही. पण बँकेला ते पटत नाही. मुदत ठेव मोडायची किंवा सह्या बदलायच्या म्हटलं की ती शेड्यूल वन मागते. हॉलच्या दुरुस्तीचे पैसे तिथेच अडकलेत. नव्या सचिवाला हे पहिल्या आठवड्यात कळतं, तुला एव्हाना कळलंही असेल.

तुझ्या निवडणुकीचे नव्वद दिवस मी मोजलेत. २१ डिसेंबरपासून धरलं तर २१ मार्च, पाडव्यानंतर दोन दिवस. तेवढ्यात सर्वांची संमतीपत्रं घे, मावळत्या मंडळींची ना हरकत घे, आणि हजेरी, नोटीस, मतपत्रिकांचा हिशेब निर्वाचन अधिकाऱ्याच्या सहीने ठेव. कॅनडावाल्याला आजच लिही, त्याचं प्रतिज्ञापत्र यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.

पण २०१९ च्या सुनावणीत तुला उभं राहून ‘नोटीस केव्हा दिली’ याचं उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर म्हणून माझं इतिवृत्त पुढे करावं लागेल. तू ते करणार नाहीस, मला माहीत आहे. मला ते करायलाही लावायचं नाही. वकीलसाहेबांना काल भेटलो. ते म्हणाले, बारा दिवस ही त्रुटी आहे, पण त्या चौऱ्याऐंशी जणांपैकी कुणाची तक्रार नाही हे प्रतिज्ञापत्रांनी दाखवता आलं तर बाजू मांडता येते. खोटी तारीख मात्र उघडी पडली तर मांडायला काही उरत नाही. तेव्हा प्रतिज्ञापत्र मीच करतो, नोटीस ३ जूनला दिली, ३० मे ही माझी चूक, असं. ‘चूक’ हा शब्द त्यांनी सुचवला. मी दुसरा लिहिला होता.

पोरीचं लग्न ठरलं असं ऐकलं, वहिनींना सांग, आम्ही दोघे येतोय, बोलावलं नाही तरी. तुझं पुण्याचं काम संपलं का? तो बिल्डर पैसे देतो का अजून बुडवतोच?

पोहोच वही माझ्याकडे आहे. पुरात ती वरच्या फळीवर होती, म्हणून वाचली. तिच्यात ३ जूनच्या सह्या आहेत, तुझीही आहे, घाईत ‘सु’ एवढंच लिहिलेलं. गुरुवारी घेऊन येतो. भडंग तू आण, मागच्या वेळी मी आणला होता.

तुझा,
नाना