शिडी आणि त्सुनामी

चिपळूण

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जपानी शिकायला लागून दीड महिना झाला. परदेशी शब्दांसाठी त्यांची काताकाना नावाची वेगळी लिपी आहे. तिची मूळ अक्षरे 46, आणि क्रम आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण तो संस्कृत अक्षरविद्येच्या अभ्यासातून तिकडे गेला. त्यामुळे पाठांतर सोपे गेले. अडले ते ‘शि’ आणि ‘त्सु’पाशी.

दोन्ही अक्षरांत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ असते. शर्टाला जपानीत ‘शात्सु’ म्हणतात आणि त्या शब्दात ही दोन्ही अक्षरे येतात. ‘शा’ हा ‘शि’पुढे लहान ‘या’ जोडून लिहितात. मी तो शब्द लिहून दाखवला तेव्हा शिक्षिकेने विचारले, “यातले ‘शि’ कोणते?” मलाही ते सांगता येईना. मी अक्षरे छापील पाहून चित्रासारखी उतरवली होती. रेघ कुठून सुरू होते, याकडे लक्षच दिले नव्हते.

मग मी आपल्या भाषेतल्या खुणा ठरवल्या. ‘शि’ची शिडी: आखूड रेघा पायऱ्यांसारख्या एकीखाली एक, डावीकडे एका रेषेत, आणि शिडी चढायची म्हणून लांब रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे न्यायची. ‘त्सु’ची त्सुनामी: आखूड रेघा शेजारी शेजारी, माथे एका रेषेत, आणि लाट कोसळते तशी लांब रेघ वर उजवीकडून खाली डावीकडे आणायची. नुसत्या आकाराची खूण वाचताना चालते, पण लिहिताना हात कुठून कुठे जायचा हेही खुणेत असावे लागते. लेखणी उचलताना रेघ निमुळती होते, म्हणून दुसऱ्याच्या हस्ताक्षरातही बारीक टोक वर दिसले तर ‘शि’ आणि खाली दिसले तर ‘त्सु’, असे ओळखता येते.

रोज पहाटे चौकटीच्या वहीत पंधरा मिनिटे लिहिते. आधी न पाहता, मग पडताळून, आणि चुकलेले अक्षरच पुन्हा घोटते. एकच अक्षर ओळभर गिरवले की तिसऱ्यापासून हात आधीच्याची नक्कल करू लागतो, म्हणून अक्षरे मिसळून लिहिते. बाबा, पाटीवर ‘अ’ गिरवताना तुम्ही माझा हात धरून रेघ उलटी जाऊ देत नव्हता. तुमच्या त्या आग्रहाचे कारण मला आता उमगते आहे.

‘आई’ दोन अक्षरांत लिहिता येते. ‘बाबा’साठी ‘हा’च्या डोक्याशी दोन लहान फटकारे मारून ‘बा’ करायचा आणि तो दोनदा लिहायचा. मात्र बाबा, जपानीत ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई, तेव्हा आईला हे सांगू नका.

तुमची,
ताई