पैसे मिळत असतानाच तक्रार घ्या: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी हिशेब तपासण्याचं काम करते. हे पत्र माझ्या भाच्याबद्दल आहे. त्याची साठवलेली रक्कम बुडता बुडता वाचली. ती वाचली यात आपल्या यंत्रणेचा वाटा काहीच नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नोकरीला लागल्यापासून त्याने काटकसर करून पैसे बाजूला टाकले होते. ओळखीतल्या एकाने त्याला एका योजनेच्या ग्रुपमध्ये घेतलं. पैसे भरा, आमचे तज्ज्ञ बाजारात खरेदी-विक्री करतात, आठवड्याला चार टक्के घ्या, अशी ती योजना. पोरगा सावध होता. त्याने आधी बचतीचा दहावा हिस्साच घातला. पुढच्या आठवड्यात ठरलेली रक्कम खात्यात आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली. मग ग्रुपवर घोषणा झाली की रविवारपर्यंत मोठी रक्कम भरणाऱ्याला जादा बोनस. उरलेले नऊ हिस्से टाकायचे असं ठरवूनच तो माझ्याकडे आला. मी नाक मुरडलं तेव्हा म्हणाला, "मावशी, आकडे दाखवत नाहीयेत ते, पैसे खरंच आलेत!"

पैसे आले होते, हे मलाही मान्य होतं. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, समज, धंदा काहीच नाही, एक पैशाची कमाई नाही. शंभर लोकांनी प्रत्येकी शंभर भरले, म्हणजे दहा हजार जमले. माणसं आणणाऱ्यांना दहा टक्के दलाली गेली, उरले नऊ हजार. आठवड्याला चार टक्के म्हणजे चारशे वाटायचे. किती आठवडे पुरतील? त्याने भागाकार केला: बावीस. नवीन एकही माणूस आला नाही तरी बावीस आठवडे प्रत्येकाला वेळेवर पैसे मिळणार! त्यात निम्म्या लोकांनी "मिळालेले पुन्हा गुंतवतो" म्हटलं तर मुदत आणखी लांबते, कारण त्यांना द्यायचे असतात ते फक्त पडद्यावरचे आकडे. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. खात्यात आलेले पैसे त्याच्या लेखी योजनेच्या खरेपणाचा पुरावा होते. खोट्या योजनेतही ते तसेच येतात, हे त्याला तेव्हा दिसलं.

पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच सुचला. आठवड्याला चार टक्के चक्रवाढीने धरले तर वर्षात रक्कम साडेसात पटीहून जास्त होते. एवढं कमावता येणारा माणूस बँकेकडून वर्षाला ठरावीक व्याजाने कर्ज का काढत नाही? अनोळखी लोकांची चिल्लर गोळा करत का फिरतो? ग्रुपमध्ये हे विचारल्यावर त्याला "नकारात्मक विचार करू नका" असं उत्तर मिळालं.

मग मी सांगितलं, व्याज नको, मुद्दल सगळं परत माग. खोटी योजना हप्ता आनंदाने देते, तिचं पितळ उघडं पडतं ते मुद्दल मागितल्यावर. तसंच झालं. रक्कम सोडवायला वीस टक्के कर आधी भरावा लागेल, असा निरोप आला. याने लिहिलं, "माझ्या शिल्लकीतूनच कापून घ्या." ते म्हणाले, सिस्टीममध्ये तशी सोय नाही. जी शिल्लक खरी असते तिच्यातून कापता येतं, आणि कर भरायचा तर तो सरकारी खात्यात भरायचा असतो. यांनी दिलेला खाते क्रमांक कोण्या खासगी व्यक्तीचा होता, पहिल्यांदा पैसे भरले त्यापेक्षा वेगळ्याच नावाचा. त्याने भरले नाहीत. दोन दिवसांत त्याला ग्रुपमधून काढलं. दहावा हिस्सा अडकला, नऊ वाचले.

महोदय, आता आपल्या खात्याकडे वळते. मुद्दल मागण्याआधीच तो रीतसर चौकशीला गेला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, खिडकीवरच्या माणसाशी माझं वैर नाही. त्याने विचारलं, ही कंपनी खरी आहे का? उत्तर मिळालं, "नोंदणी आहे." ते खोटं नव्हतं. पण कंपनी म्हणून नोंदणी होणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी किंवा गुंतवणूक गोळा करण्याची परवानगी असणं वेगळं. पहिलं कुणालाही करता येतं, दुसऱ्यासाठी नियामकाची मंजुरी लागते. योजनावाले नोंदणीचं प्रमाणपत्र ग्रुपवर मिरवत होते, आणि सरकारी खिडकीने त्यावर नकळत शिक्का मारला. तक्रार देतो म्हटल्यावर त्याला विचारण्यात आलं, "पैसे मिळतायत ना? मग तक्रार कशाची?"

वरच्या हिशेबातले बावीस आठवडे असेच जातात. त्या काळात तोटा कुणालाच झालेला नसतो, म्हणून तक्रारदारही नसतो. तक्रारदार उभा राहतो तेव्हा तिजोरी रिकामी असते.

हे फक्त आपल्याच खात्याचं दुखणं नाही. अमेरिकेत हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने, गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या बर्नार्ड मेडॉफच्या कारभाराबद्दल २००० सालापासून तिथल्या बाजार नियामकाला वारंवार लिहून कळवलं होतं. मेडॉफ अफाट व्याज देत नव्हता. त्याचा परतावा माफक पण संशय यावा इतका एकसारखा होता, म्हणून नुसता मोठा दर हीच खूण धरून चालत नाही. मार्कोपोलोसचा एक मुद्दा साधा होता: मेडॉफ सांगतो तेवढे व्यवहार करायला लागतील तेवढे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार, बाजारात उपलब्धच नाहीत. सगळं कोसळलं ते डिसेंबर २००८ मध्ये. नंतरच्या अंतर्गत चौकशीत निघालं की व्यवहार खरंच झाले का, याची खातरजमा नियामकाने त्रयस्थाकडून कधी केलीच नव्हती. पुढे ज्यांनी भरल्यापेक्षा जास्त काढलं होतं, त्यांच्याकडून तो वरचा पैसा परत मागण्यात आला, कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुद्दलातून आलेला होता. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने आपल्याला आलेले हप्ते खर्च न करता वेगळे ठेवले. मी सांगितलं नव्हतं.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. कुणी नाव घेऊन विचारलं तर आपल्या खिडकीने नोंदणीबद्दल न बोलता "लोकांकडून पैसे घ्यायची परवानगी आहे" किंवा "नाही" एवढं लेखी द्यावं. आणि ज्याला अजून पैसे मिळताहेत अशा माणसाचीही शंका नोंदवून घ्यावी. शंका आली की लगेच खाती गोठवा असं मी म्हणत नाही, त्यात एखादा प्रामाणिक धंदाही भरडला जाईल. पण योजना बाजारात व्यवहार करते म्हणत असेल, तर तिच्या कागदांवर न थांबता त्या बाजाराकडे थेट विचारता येतं की या नावाने खरेदी-विक्री झाली आहे का. त्याला महिने लागत नाहीत. उत्तर "नाही" आलं तर वाटपासाठी उरलेले पैसे तेव्हाच थांबवता येतील, म्हणजे मागाहून आलेल्यांना निदान काही हिस्सा परत मिळेल.

भाच्याने ग्रुपमधल्या संदेशांच्या आणि दोन्ही खाते क्रमांकांच्या प्रती जपून ठेवल्या आहेत. तो ग्रुप आजही चालू आहे आणि त्यातल्या लोकांना अजून पैसे मिळताहेत. त्या प्रती कुठल्या टेबलावर द्यायच्या, एवढं कळवावं.

आपली,
एक हिशेबनीस